क्रिएटिनिन उतरलं म्हणजे नेमकं काय झालं?

सकाळचा राउंड आटोपतो, सिस्टर फाईल टेबलावर ठेवून पुढच्या खाटेकडे वळते आणि तेवढ्यात रुग्णाचा पुतण्या मोबाईल काढून तपासण्यांच्या तक्त्याचा फोटो घेतो. दोन मिनिटांत तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, तिथून पुण्याच्या मेहुण्याकडे आणि मेहुण्याकडून त्याच्या ओळखीच्या एखाद्या डॉक्टरकडे. सोबत एकच प्रश्न असतो, ‘किडनी सुधारतेय ना?’ बहुतेक जण शेवटच्या रकान्यातला आकडा आदल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून उत्तर देतात. वाढला तर वाईट, उतरला तर चांगलं. मूत्रपिंडाच्या अचानक बिघाडात हा हिशेब इतक्या वेळा चुकतो की तो नेमका कुठे चुकतो हे एकदा नीट पाहायला हवं.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामकाजातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रोज साधारण सारख्याच प्रमाणात रक्तात येतो आणि मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातली पातळी म्हणजे टाकीतलं पाणी समजा. वरचा नळ एका धारेने चालू आहे आणि खालची तोटी म्हणजे मूत्रपिंड. तोटी अचानक पूर्ण बंद झाली तरी टाकी क्षणात भरत नाही. पाणी चढत जातं. मोठ्या माणसात मूत्रपिंडाचं काम जवळजवळ थांबलं तर क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमने वाढतं. तोटी थोडी उघडली तरी पाणी चढतच राहतं, फक्त सावकाश. येणारं आणि जाणारं पाणी सारखं झालं की पातळी थबकते आणि त्याहून जास्त जाऊ लागलं की उतरते.

यातून निघणारी गोष्ट नातेवाइकांना पटवणं अवघड जातं. क्रिएटिनिन सर्वांत वर पोचतं तो मूत्रपिंडाचा सर्वांत वाईट दिवस नसतो. तो बहुधा तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेला असतो, आणि त्या दिवशी आकडा अजून दोन-तीनच्या घरात असतो.

एक तक्ता उलगडून पाहू. रुग्ण नमुन्यादाखल रचलेला आहे, पण अशी चाल पावसाळ्यात कोकणातल्या आणि मुंबईतल्या वॉर्डांत नेहमी दिसते. ४८ वर्षांचा शेतकरी, वजन ६२ किलो. भातलावणीत चिखलात उभा राहून काम केलं, आठवड्याने ताप, पोटऱ्या दुखणं, मग डोळे पिवळे. निदान लेप्टोस्पायरोसिस. या आजाराचा जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. जानेवारीत हर्नियाच्या ऑपरेशनआधी या माणसाचं क्रिएटिनिन ०.९ होतं. ती चिठ्ठी घरच्या पिशवीत आहे, हे त्याचं नशीब. हा जुना आकडा हाताशी नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

१२ जुलैला तालुक्याच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन २.१ आलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर ३.४, मग १४ ला ४.६, १५ ला ५.५, १६ ला ६.०. १७ ला सकाळी एकदम ३.९, आणि ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस. १८ ला ४.७, १९ ला ५.१, २० ला पुन्हा ५.१. २१ ला ४.६, २३ ला ३.२ आणि २५ ला २.०.

आधी सुरुवातीचा २.१ घेऊ. २०१२ साली केडीगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संस्थेने अचानक बिघाडाची व्याख्या ठरवून दिली: ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत नेहमीच्या पातळीच्या दीडपट, किंवा सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी. ०.९ वरून २.१ म्हणजे दुपटीहून जास्त; दुसरी पायरी पहिल्याच दिवशी गाठलेली. त्या चिठ्ठीवर शेजारी ईजीएफआर ३८ छापलेला असतो आणि मेहुणा म्हणतो, ‘अडतीस टक्के चालतेय म्हणजे.’ हा ३८ इथे निरुपयोगी आहे. ईजीएफआरचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून चालतं. पातळी रोज एकाहून जास्त चढत असताना खरं गाळणं दहाच्याही खाली असू शकतं, आणि संगणक मात्र त्या क्षणाच्या पातळीवरून ३८ छापून मोकळा होतो.

आता युरिया. तालुक्याच्या चिठ्ठीवर ‘ब्लड युरिया ७८’ होतं, दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात ‘बीयूएन ५२’. ७८ वरून ५२, म्हणजे सुधारणा? उलट. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन, त्याला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. ५२ चा युरिया होतो सुमारे १११. एका रात्रीत ७८ चा १११ झाला होता. भारतातल्या काही लॅब युरिया देतात, काही बीयूएन, काही दोन्ही. फोटोत रकान्याचं नाव कापलं गेलं की हा फरक ओळखायची सोयच उरत नाही. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या रिपोर्टची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे क्रिएटिनिन अनेकदा मायक्रोमोलमध्ये असतं, तेव्हा १०६ पाहून घाबरायचं नसतं, ८८.४ ने भागलं की ते १.२ होतं.

मधल्या चार दिवसांचा उतारा सर्वांत बोलका आहे. रोजची वाढ १.३, १.२, ०.९, ०.५. आकडा चढतोय, पण चढ मंदावतोय. टाकीच्या हिशेबाने तोटी थोडी उघडली असावी. अनुभवी डॉक्टर इथे लगेच खूश होत नाही. तो शेजारचा कागद मागतो, सलाईन आणि लघवीच्या नोंदीचा. फोटोत हा कागद जवळपास कधीच नसतो.

त्या कागदावर दिसतं की या दिवसांत माणसाला भरपूर सलाईन गेलं आणि लघवी मात्र दिवसाला ३०० मिलिलिटरच्या आसपास राहिली. १६ तारखेपर्यंत शरीरात सुमारे ५ लिटर पाणी साठलं. वजन ६२ चं ६७ झालं, पायांवर सूज आली. ६२ किलोच्या पुरुषाच्या शरीरात मुळात ३७ लिटरच्या आसपास पाणी असतं. त्यात पाच लिटरची भर पडली की क्रिएटिनिन पातळ होतं. हे पातळ होणं वजा करायला अतिदक्षता विभागांत एक सोपा गुणाकार वापरतात: साठलेलं पाणी भागिले शरीरातलं मूळ पाणी, त्यात एक मिळवून येणाऱ्या आकड्याने क्रिएटिनिनला गुणायचं. १६ तारखेचं ६.० मग ६.८ होतं. १५ ला ४ लिटर साठले होते, तेव्हाचं ५.५ होतं ६.१. १४ ला अडीच लिटर, ४.६ चं ४.९. १३ ला एक लिटर, ३.४ चं ३.५. आता रोजची वाढ मोजली तर ती १.४, १.२, ०.७ अशी येते. चढ खरोखर मंदावतोय, पण तक्त्यावर दिसला तितका नाही. १४ ते १५ मध्ये ०.९ वाटणारी वाढ खरी १.२ होती, म्हणजे त्या दिवशी मूत्रपिंडं जवळजवळ बंदच होती.

दुसरा अडसर काविळीचा. क्रिएटिनिन मोजण्याची सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत रुळलेली पद्धत माक्स याफे या जर्मन संशोधकाने १८८६ साली नोंदवलेल्या एका रंगबदलावर उभी आहे: पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळलं की नारिंगी रंग येतो. बिलिरुबिन खूप वाढलेलं असलं की या मापनात गडबड होते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. लेप्टोच्या गंभीर रुग्णात बिलिरुबिन पंधरा-वीसपर्यंतही जातं. म्हणजे ज्या आजारात क्रिएटिनिन नेमकं कळायला हवं, त्याच आजारात ते दबून येण्याची शक्यता. शिवाय तालुक्याची लॅब एका पद्धतीने मोजणार आणि मोठं रुग्णालय दुसऱ्या. दोन लॅबच्या आकड्यांतला एखाद्या दशांशाचा फरक म्हणूनच सुधारणेत किंवा बिघाडात धरायचा नसतो. २.१ वरून ३.४ ची उडी मात्र कुठल्याही पद्धतीच्या फरकाने झाकली जाणार नाही.

आणि मग तो १७ तारखेचा ३.९. सहावरून एका रात्रीत ३.९ वर यायला दोनच सरळ वाटा आहेत. एक, मूत्रमार्गात अडकलेला खडा किंवा वाढलेल्या प्रोस्टेटने तुंबलेली लघवी मोकळी झाली. तेव्हा मूत्रपिंडं धडाक्याने कामाला लागतात, पण त्याच रात्री लघवीची पिशवी पुन्हा पुन्हा रिकामी करावी लागते. इथे तसं काही नव्हतं. दुसरी वाट डायलिसिसची. १६ च्या संध्याकाळी माणसाला धाप लागली, फुप्फुसांत पाणी उतरलं होतं, म्हणून रात्री चार तास डायलिसिस झालं. ती नोंद फाईलच्या दुसऱ्या पानावर होती, तक्त्यात नव्हती. क्रिएटिनिन यंत्राने उतरवलं होतं; मूत्रपिंडांनी त्या रात्री काय केलं याचा ३.९ मध्ये मागमूसही नाही.

डायलिसिसनंतर तक्ता नव्याने वाचायला सुरुवात करायची. १७ ला ३.९, १८ ला ४.७, १९ ला ५.१, २० ला ५.१. पुतण्याला वाटतं पुन्हा बिघडलं. वाचणाऱ्याला दिसतं की यंत्र मध्ये नसताना वाढ ०.८, मग ०.४, मग शून्य झाली, आणि या वेळी पाणीही साठत नव्हतं. लघवीच्या नोंदीत १७ ला ४५० मिलिलिटर, १८ ला ९००, १९ ला १,६००, २० ला २,४००. लघवीने क्रिएटिनिनच्या दोन-तीन दिवस आधी बातमी दिली होती. २१ ला जेव्हा आकडा पहिल्यांदा आपल्या बळावर उतरला, ५.१ चा ४.६, तेव्हा तो ३.९ पेक्षा मोठा होता. तरीही या तक्त्यातला पहिला खरा दिलासा तोच.

लघवी भरभरून सुरू झाली म्हणजे संपलं असंही नाही. सावरणारं मूत्रपिंड पाणी आणि क्षार दोन्ही बेहिशेबी सोडतं. या दिवसांत सलाईन कमी पडलं तर माणूस कोरडा पडतो आणि उतरणारं क्रिएटिनिन पुन्हा थबकतं. लेप्टोत आणखी एक विचित्रपणा आहे. मूत्रपिंड बिघडलं की पोटॅशियम वाढतं हा सर्वसाधारण नियम, पण या आजारात ते बऱ्याचदा कमी असतं. म्हणून पोटॅशियम ३.२ आहे, छान आहे, असं फोटोवरून कुणी म्हणालं तर तो लेप्टो विसरला आहे. उलट एखाद्या दिवशी पोटॅशियम अचानक ६.४ दिसलं आणि रिपोर्टखाली नमुना हिमोलाइज्ड असल्याची बारीक ओळ असली, तर रक्त काढताना पेशी फुटून ते वाढलेलं असू शकतं. ईसीजी काढून आणि रक्त पुन्हा पाठवून हे तासाभरात कळतं. फोटोत ती बारीक ओळ वाचता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

फोटोचे स्वतःचे दोषही कमी नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र दाबलं जातं आणि दशांश चिन्ह गळतं. हाताने लिहिलेल्या तक्त्यात ३ चा ८ होतो. अशा वेळी आकड्याची शहानिशा शरीराच्या हिशेबानेच करायची. आज २.८ आणि उद्या ८.८ हे सहसा होत नाही, तो ३.८ असण्याची शक्यता जास्त. काही रुग्णालयांच्या संगणकात सर्वांत नवा रकाना डावीकडे येतो, काहींत उजवीकडे. तारखांची ओळ फोटोत कापली गेली तर तोच तक्ता सुधारणारा वाटतो किंवा बिघडणारा. वेळही पाहावी लागते: एक रक्त रात्री ११ ला काढलेलं आणि पुढचं सकाळी ६ ला, तर सात तासांतली ०.३ ची वाढ म्हणजे दिवसाला एकच्या वेगाची वाढ. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं गेलं तर सगळंच पातळ होतं. तेव्हा क्रिएटिनिनबरोबर त्याच रकान्यातलं हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि पोटॅशियमही एकदम खाली आलेलं दिसतं. एकटं क्रिएटिनिन उतरलं तर विश्वास ठेवावा. सगळे हातात हात घालून उतरले तर पुन्हा रक्त पाठवावं.

हे झालं दिवसांच्या हिशेबाचं. वर्षानुवर्षांच्या किडनीच्या आजारात याच कागदाचं वाचन जवळजवळ उलट होतं. तिथे पातळी स्थिर असते, म्हणून ईजीएफआर उपयोगाचा ठरतो आणि रोजच्या फरकाला किंमत नसते. निरोगी माणसाचं क्रिएटिनिनही दोन तपासण्यांत पाच-सात टक्क्यांनी इकडेतिकडे होतं; आदल्या रात्री भरपेट मटण झालं असेल तर आणखी वाढतं. केडीगोच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ईजीएफआरमधला २० टक्क्यांहून मोठा बदलच नेहमीच्या चढउतारापलीकडचा धरला आहे. १.४ चं १.५ झालं म्हणून झोप उडवणारे आणि १.४ चं तीन वर्षांत हळूहळू २.० झालं तरी ‘थोडंच वाढलंय’ म्हणणारे, दोघंही एकाच घरात सापडतात. दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

आकडा छोटा असताना त्यातली छोटी वाढ मोठी असते, हे इथे फार सुटतं. ०.९ चं १.८ होणं म्हणजे स्थिर स्थितीत गाळण्याची निम्मी ताकद जाणं. ५ चं ६ होणं आकड्याने मोठं दिसतं, पण तिथे गमवायला फारसं उरलेलंच नसतं. लॅबच्या कागदावरची मर्यादाही फसवी आहे. सत्तर वर्षांच्या बाईंचं १.१ बऱ्याच कागदांवर ठळक होत नाही. २०२१ च्या सूत्राने त्यांचा ईजीएफआर ५४ येतो, आणि तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुना आजारच म्हणायचा.

औषधांमुळे होणारी वाढ हा लांब पल्ल्यातला नेहमीचा गोंधळ. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केली की मूत्रपिंडातल्या गाळण्यांवरचा दाब कमी होतो आणि क्रिएटिनिन थोडं वाढतं. मधुमेहात दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिननेही सुरुवातीला तसंच होतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतात. हाच दाब कमी राहिल्याने पुढे किडनी जास्त टिकते. तक्त्याच्या फोटोत गोळी कधी सुरू झाली हे नसतं, त्यामुळे ‘गोळीने किडनी खराब केली’ असं ठरवून ती परस्पर बंद केली जाते. ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक तर गाळण्याला धक्काही न लावता क्रिएटिनिन वाढवतं, कारण ते नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकलं जाण्याची वाट अडवतं. मात्र हेच औषध पोटॅशियम खरोखर वाढवू शकतं, त्यामुळे तो रकाना पाहावाच लागतो.

पुन्हा त्या शेतकऱ्याकडे. २५ जुलैला २.० वर घरी सोडलं, महिन्याने क्रिएटिनिन १.१ आलं. कागदावर ते मर्यादेत आहे, ठळक अक्षरं नाहीत, घरात पेढे. पण त्याचं मूळ ०.९ होतं. सूत्राने ०.९ ला त्याचा ईजीएफआर १०५ होता, १.१ ला ८३. शिवाय मधल्या आजारात तो वाळला आहे, मांड्यांचं मांस उतरलं आहे. स्नायू कमी म्हणजे वरच्या नळाची धारच बारीक. तोटी अर्धवट उघडी असली तरी पातळी खाली दिसते. म्हणजे १.१ मध्ये बरं होणं किती आणि वाळणं किती, हे क्रिएटिनिन एकटं सांगू शकत नाही. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती महाग आहे आणि तालुक्याला सहसा मिळत नाही, पण अशा माणसात एकदा करण्यासारखी आहे. ती नसेल तर घरी सोडल्यापासून तीन महिन्यांनी, अंगात मांस भरल्यावर, क्रिएटिनिन पुन्हा पाहायचं आणि त्याच दिवशी सकाळच्या लघवीत अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण तपासायचं. ते ३० च्या वर आलं तर रक्तातला आकडा कितीही चांगला दिसो, गाळण्या अजून गळत आहेत. ऑक्टोबरच्या त्या कागदाचा फोटो घेताना पुतण्याने जानेवारीची चिठ्ठीही शेजारी ठेवावी, दोन्हींवरची तारीख, एकक आणि लॅबचं नाव दिसेल अशी.